पापड गॅलरीत वाळतात का?

दसरा झाला, हवेतला दमटपणा उतरला, की आमच्या सोनगीरच्या नर्सरीत एक प्रश्न येऊ लागतो आणि तो संक्रांतीपर्यंत येतच राहतो. “गॅलरीत बाग करायची आहे, काय लावू?” धुळ्याहून शिरपूरकडे निघालेलं कुटुंब महामार्गावर गाडी बाजूला घेऊन विचारतं. सोनगीरच्याच एखाद्या मावशी रिकामी पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, “भाऊ, गॅलरीमा काय लावू?” रात्री उशिरा फोनवर निरोप येतो, तोही तेवढाच, एका ओळीचा.

या ओळीत चार गोष्टी सांगितलेल्या नसतात. गॅलरी केवढी, तिच्यात ऊन किती, हवा कुठली आणि फुलं हवीत की भाजी. नव्याने नर्सरी टाकलेला माणूस हे चारही प्रश्न एकापाठोपाठ विचारतो आणि समोरचा गोंधळतो. मावशींना गॅलरीची लांबी पाठ नसते. दिशा विचारली तर “रस्त्याकडची” असं उत्तर येतं. फुलं की भाजी विचारलं तर “दोन्ही चालेल” म्हणतात आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांचं लक्ष दारातल्या गुलाबाकडे गेलेलं असतं. गुलाब घेऊन त्या जातात आणि तो महिन्याभरात काडी होऊन जातो.

माझं मत असं की या चार गोष्टी एका वजनाच्या नाहीत. हवा बहुतेक वेळा विचारायची गरजच नसते, जागा वेगळ्याच मापाने मोजावी लागते, फुलं की भाजी हे शेवटी आपोआप ठरतं. अडतं ते उन्हापाशी. तेच नीट काढून घ्यावं लागतं आणि तेच सरळ विचारून मिळत नाही.

आधी हवेचं. विचारणारा सोनगीरचा, धुळ्याचा किंवा शिंदखेड्याचा असेल तर त्याची हवा मला ठाऊक आहे, कारण ती माझीही आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांत खेळतो, हवा कोरडी ठणठणीत, आणि दुपारी पश्चिमेकडून झळा येतात. पाऊस बेताचा. सह्याद्री ओलांडून ढग येतात तोवर बरेच रिकामे झालेले असतात. थंडीत मात्र धुळं महाराष्ट्रातल्या गारठणाऱ्या गावांत मोडतं. तिथल्या कृषी महाविद्यालयात नोंदवलेलं किमान तापमान लाटेच्या दिवसांत ५-६ अंशांपर्यंत उतरतं. म्हणजे एकाच कुंडीने सहा महिन्यांत ही दोन्ही टोकं पाहायची. पुण्या-मुंबईकडे लिहिलेल्या बागेच्या पुस्तकांतला सल्ला आमच्याकडे फसतो तो इथे. त्यांत “अर्धवट उन्हात ठेवा” असं लिहिलेलं असतं. दादरच्या दमट हवेत अर्धवट उन्हात तरारणारं नेच्याचं झाड सोनगीरच्या मे महिन्यात पूर्ण सावलीतही पानांच्या कडांनी करपतं. त्याला ऊन मारत नाही, कोरडा वारा मारतो.

खानदेशातली अर्धी माणसं पोटासाठी सुरतेत आहेत असं आम्ही गमतीने म्हणतो. तिथूनही हाच प्रश्न फोनवर येतो, तेव्हा मात्र हवा वेगळी धरावी लागते. मौज अशी की सुरत आणि सोनगीर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या किंचित वर. त्यामुळे सूर्य दोन्हीकडे सारखाच चढतो, सारखाच कलतो. सोनगीरच्या दक्षिणेकडच्या गॅलरीचा उन्हाचा हिशेब सुरतेतल्या इमारतीला तसाच्या तसा लागू पडतो. पण सुरतेला समुद्र जवळ, पाऊस आमच्या दुपटीहून अधिक, आणि हवा ओली. इथे कुंडी एका दिवसात सुकते ती तिथे दोन-तीन दिवस ओली राहते. इथे झाड तहानेने जातं, तिथे मुळं कुजून. म्हणून तिथल्या माझ्या भाच्याला मी रोपांची नावं तीच सांगतो, पण पाण्याचा पाठ उलटा देतो. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, ओल लागली तर पाणी घालायचं नाही.

आता उन्हाकडे येऊ. “ऊन येतं का?” असं विचारलं तर उत्तर नेहमी “भरपूर” असतं. माणसाला उजेड आणि ऊन यांतला फरक कळत नाही असं नाही, पण गॅलरी उजळ दिसते एवढ्यावर तो बोलतो. झाडाला मात्र अंगावर पडलेलं थेट ऊन लागतं. वांगी, टमाटे, मिरची यांना दिवसाला सहा तास. मेथी-पालक तीन-चार तासांत भागवून घेतात. त्याहून कमी असेल तर पानांच्या शोभेवर समाधान मानायचं.

म्हणून मी सरळ विचारत नाही. मावशींना विचारतो, “उन्हाळ्यात पापड-बिबड्या गॅलरीत वाळतात, की धाब्यावर न्याव्या लागतात?” हे उत्तर कुणालाही विचार न करता देता येतं, कारण त्यात खोटं सांगण्यासारखं काही नसतं आणि मागच्या चैत्रातली आठवण ताजी असते. मग दुसरा प्रश्न, “थंडीत सकाळी ऊन खायला गॅलरीत बसता का?” या दोन उत्तरांतून चारही दिशा निघतात. पापड वाळतात पण सकाळचं ऊन खायला दारात जावं लागतं, ती पश्चिमेची गॅलरी. सकाळी ऊन खाता येतं आणि पापड दुपारनंतर उचलून दुसरीकडे न्यावे लागतात, ती पूर्वेची. दोन्ही नाही म्हणाल्या तर उत्तरेची, किंवा समोर तीन मजली घर उभं आहे. सोनगीरच्या किल्ल्याच्या टेकडीखालच्या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की हे दुसरं कारणच जास्त भेटतं. आणि पापड वाळत नाहीत पण थंडीत ऊन खाता येतं, असं उत्तर आलं तर ती दक्षिणेची. त्या गॅलरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण फसवणूक तिथेच सर्वांत मोठी होते आणि नीट वापरली तर खानदेशात तिच्यासारखी दुसरी गॅलरी नाही.

गावातल्याच एका मावशींची गोष्ट सांगतो. मुलाने घरावर पहिला मजला चढवला, पुढे चार फुटांची गॅलरी काढली. दहा फूट लांब, समोर तीन फुटांचा विटांचा कठडा, वर नऊ फुटांवर स्लॅब. तोंड दक्षिणेला. त्या ऑक्टोबरात आल्या, तेव्हा गॅलरीत दुपारचं ऊन भिंतीपर्यंत येत होतं. “दुपारले मस्त ऊन येस,” म्हणाल्या. मोगरा हवा, टमाटे हवेत, बारमाही काहीतरी हवं. पापडाचा प्रश्न विचारला तर म्हणाल्या, घर नवं, उन्हाळा अजून पाहिलाच नाही. म्हणजे माझं हत्यार इथे बोथट. मग कागद घेतला.

आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य आकाशात अर्ध्यावरच असतो, क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास. ४५ अंशांचा फायदा असा की हिशेब सोपा होतो. कठडा तीन फूट उंच, तर त्याची सावली आत तीन फूट पडणार. गॅलरी चार फूट खोल. म्हणजे जमिनीवर ऊन फक्त भिंतीलगतच्या एका फुटात. बाकी तीन फूट कठड्याच्या सावलीत. ऑक्टोबरात सूर्य अजून वर असतो, ६० अंशांजवळ, त्यामुळे कठड्याची सावली पावणेदोन फुटांवर थांबते आणि बाकी गॅलरी उजळून निघते. मावशींनी पाहिलं होतं ते हे ऊन. आणि कुंड्या ठेवायला त्यांनी जागा ठरवली होती ती कठड्याच्या आतल्या बाजूला, ओळीने, म्हणजे बरोबर सावलीच्या पट्ट्यात. सगळे तिथेच ठेवतात. चालायला भिंतीकडची बाजू मोकळी राहते ना.

उपाय स्वस्त होता. दीड फूट उंचीचं लोखंडी स्टँड. त्यावर फूटभर उंचीची कुंडी ठेवली की कुंडीचा काठ अडीच फुटांवर येतो, आणि तीन फुटांच्या कठड्याला सावली पाडायला अर्धा फूटच उरतो. झाड तर त्याच्याही वर. जाळीचा कठडा असता तर याची गरज पडली नसती. जमिनीवरच ठेवायच्या असतील तर भिंतीलगत ठेवाव्यात, आणि ते वजनाच्या दृष्टीनेही बरंच. चार फूट पुढे काढलेल्या स्लॅबवर जड कुंड्या टोकाला मांडण्यापेक्षा भिंतीकडे मांडलेल्या केव्हाही चांगल्या.

पण खरा मुद्दा उन्हाळ्याचा. दिवाळीपासून सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो तोवर वरचा स्लॅब त्याला अडवत नाही. मकरसंक्रांतीनंतर तो चढत जातो. मार्चच्या विषुवदिनी दुपारी तो ६९ अंशांवर असतो आणि ऊन कडेपासून साडेतीन फूट आत येतं. एप्रिलच्या मध्यावर हे अंतर दोन फुटांच्याही आत येतं. आखाजीच्या सुमारास दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन जवळजवळ गेलेलंच असतं. बाहेर डांबर वितळतंय आणि गॅलरीत थेट उन्हाचा जेमतेम एक कवडसा. मेच्या शेवटच्या आठवड्यात सोनगीरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी विजेच्या खांबाची सावली पायाशी गोळा होते, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो भर दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. खानदेशातल्या फार लोकांना हे ठाऊक नसतं, की आपल्या घराच्या उत्तर भिंतीवर वर्षातले काही आठवडे दुपारचं ऊन पडतं. सकाळ-संध्याकाळी तर उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडूनच उगवतो-मावळतो. म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरीला सकाळ, दुपार, संध्याकाळ, कधीच ऊन नाही. ते परत आत पाऊल टाकतं गणपती उठल्यावर.

तेव्हा मावशींना सांगितलं, मोगरा नको. मोगऱ्याला फेब्रुवारीत छाटायचं, पाणी तोडायचं आणि मार्चपासून कडक ऊन खाऊ घालायचं, तेव्हा तो एप्रिलात फुलतो. तुमच्या गॅलरीत नेमकं तेव्हाच ऊन निघून जाणार. पानं हिरवीगार राहतील, वाढेलही, पण फुलाची वाट बघत बसाल. टमाट्याचं मात्र उलट. ऑक्टोबरात रोप लावलं तर त्याला हवं असतं ते सगळं त्या गॅलरीत होतं. थंडीतलं दिवसभराचं ऊन, पाठीशी तापलेली भिंत, आणि उत्तरेच्या गार वाऱ्याला घराची आड. फळ धरणं डिसेंबर ते फेब्रुवारी. पुढे मार्च-एप्रिलात दिवसाचा पारा ३५-३६ च्या वर आणि रात्रही ऊबदार झाली की टमाट्याला फुलं येतात आणि देठापासून गळतात. त्याला लोक रोग समजून फवारण्या करतात. तो रोग नाही. उष्णतेने पराग मरतो, फळ धरत नाही. झाड उपटून जागा मोकळी करायची, एवढंच.

मावशींची आखणी अशी ठरली. स्टँडवर बारा इंची कुंड्यांत टमाटे आणि मिरची. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये गोणपाट पसरून सहा-सात इंच माती, त्यात मेथी आणि पालक. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात उपटून पुन्हा पेरायची. कोथिंबिरीचे धणे वाटीने हलके रगडून दोन फाका करायचे, नाहीतर उगवण अर्धीच. तीही थंडीतच, कारण गरमीत धणे उगवायला कुरकुर करतात आणि उगवले तरी लगेच फुलावर येतात. तुळस गारठ्यात काळवंडते म्हणून भिंतीला चिकटून. हे सगळं होळीपर्यंत. होळीनंतर क्रेट रिकामे करून पुदिना, पानओवा, मनीप्लांट आणि सापपान. उन्हाळ्यात ती गॅलरी सावलीची असते, त्यामुळे शेजारणींच्या पश्चिमेच्या गॅलरीतली होरपळलेली झाडंही मे महिन्यात तिथे पाहुणी येऊ शकतात.

पश्चिमेच्या गॅलरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती थंडीत बरी आणि उन्हाळ्यात भट्टी. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन सरळ आत येतं आणि कठडा, फरशी, भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते. इथे झाडं वरून नाही, खालून मरतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला उन्हाची बाजू लागली की आतल्या मातीचं तापमान हवेच्याही वर जातं, आणि त्या बाजूची मुळं शिजतात. ओळखायचं असं की माती ओली, तरी दुपारी पानं माना टाकतात. दुपारी माना टाकून सकाळी उठून बसली तर काळजी नाही, उष्णतेचा तात्पुरता ताण आहे, पाणी घालू नका. सकाळीही पडलेलीच असतील आणि माती ओली असेल तर मुळं गेली. कोरडी असेल तर तहान. हा भेद न कळल्याने मे महिन्यात जितकी झाडं तहानेने मरतात, तितकीच जास्तीच्या पाण्यानेही. पश्चिमेला मातीची कुंडी घ्यावी, ती घाम गाळून थंड राहते, पाणी मात्र जास्त मागते. बाहेरच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्चमध्ये बांधावी आणि पाऊस लागला की सोडावी. लावायचं काय, तर सदाफुली, चिनीगुलाब, बोगनवेल. शेडनेट नीट असेल तर मोगराही.

या ओघात एक गावाकडची गंमत. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. जुन्या घरांत चेमटलेली घागर, जुना हंडा, वापरात नसलेलं घंगाळ हमखास असतं, आणि गॅलरी झाली की ते शोभेला कुंडी म्हणून बाहेर येतं. दिसतं झकास. पण तांब्यात थेट माती भरू नये. ओल्या मातीत तांबं थोडं थोडं उतरतं आणि ते मुळांना मानवत नाही, ती तिथेच थबकतात. शिवाय भोक नाही, म्हणजे पाणी तळाशी साचणार. प्लास्टिकच्या कुंडीत झाड लावून ती घंगाळात बसवावी आणि साचलेलं पाणी आठवड्याने ओतून टाकावं. तांबट मंडळींना हे सांगितलं तर ते हसतात, त्यांना भांड्यातलं पाणी प्यायचं माहीत, झाडाला पाजायचं नाही.

जागेचा प्रश्न मी फुटांत विचारत नाही, हंड्यांत विचारतो. आमच्याकडे चार-चार दिवसांनी नळ येणारी घरं कमी नाहीत. बारा इंची कुंडीला मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं. पंधरा कुंड्या म्हणजे रोज दोन हंडे, तेही वरच्या मजल्यावर चढवून. मावशींना विचारलं, मे महिन्यात एक हंडा काढता येईल का? विचार करून म्हणाल्या, एक हो. मग उन्हाळ्यात सात-आठ कुंड्या, त्याहून एकही नाही. चाळीस चौरस फुटांची गॅलरी त्या हिशेबात अर्धी रिकामी राहिली, आणि तेच बरोबर. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी वापरता येतं. मीठ किंवा साबण असलेलं नाही.

मातीचंही इथेच सांगतो, कारण पाणी वाया जातं ते मातीपायी. लोक शेतातून काळी माती आणतात आणि निव्वळ तीच कुंडीत भरतात. शेतात सोनं असलेली ही माती कुंडीत वैरीण होते. सुकली की ती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून खाली उतरून तळातून वाहून जातं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मालकीण म्हणते, रोज पाणी घालते, खालून वाहून येतं, तरी झाड सुकतं. पाहायचं असेल तर कुंडी उचलून बघा, हलकी लागते. अशी कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, तेव्हा गोळा भिजतो. मुळातच एक घमेलं पोयटा, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण केलं तर ही वेळ येत नाही, आणि ओल्या काळ्या मातीने पंचवीस किलोंची होणारी बारा इंची कुंडी पंधराच्या आसपास राहते.

राहिलं फुलं की भाजी. इतकं झाल्यावर हा प्रश्न फारसा उरत नाही, पण लोकांच्या मनात तो पहिला असतो, म्हणून उत्तर द्यावं लागतं. मी दर वेळी विचारतो, रोज घरात चिमूटभर काय लागतं? मेथीची एक जुडी उगवायला एक क्रेट आणि एक महिना लागतो, आणि बाजारात थंडीत ती मातीमोल मिळते. खानदेशी भरताच्या वांग्यासाठी तर गॅलरी सोडाच, मोठं पिंपही अपुरं पडतं. एका झाडाला चार वांगी आली तर एकदाही घरभर भरीत होत नाही. त्या मानाने कढीपत्त्याच्या दोन काड्या, पूजेची चार फुलं, चहापुरता गवती चहा, फोडणीपुरती मिरची, ही थोडीच लागतात पण रोज लागतात, आणि रोज ताजी हवी असतात. गॅलरी त्यासाठी पुरते. मावशींना पूजेला रोज फुलं हवी होती. थंडीत त्यांच्या गॅलरीत झेंडू आणि शेवंती येणार होतीच. उन्हाळ्यात नाही. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी जिथे सकाळी दहापर्यंत पूर्वेचं ऊन येतं, तिथे एक जास्वंद ठेवायची सोय निघाली. गॅलरीत बसत नाही ते घरात दुसरीकडे कुठे बसतं, हे विचारायला लोक विसरतात.

फोनवरच्या एका ओळीला मात्र उलट प्रश्न विचारता येतोच असं नाही. माणूस दिवसा कामावर असतो, उत्तर रात्री अकराला येतं, तेही “तुम्हीच सांगा.” अशा वेळी मी लांबलचक यादी पाठवत नाही. यादीत दहा रोपं असली तर त्यातली सहा त्याच्या गॅलरीला चुकीची असणार, आणि तो नेमकी तीच सहा आणणार. मी लिहितो, आधी एकच सदाफुली घ्या, आठ इंची कुंडीत लावा, जिथे बाग करायची तिथेच ठेवा, पंधरा-वीस दिवस हलवू नका, मग फोटो पाठवा. सदाफुली उष्णता सहन करते, पाणी चुकलं तरी लगेच मरत नाही, आणि उन्हाबद्दल काही लपवत नाही. पेरांमधलं अंतर वाढलं, दांडा बारीक होऊन एका बाजूला वाकला, नवी कळी नाही, तर ऊन तीन तासांच्या आत आहे, भाजीचा विचार सोडा. झाड बुटकं, गच्च, फुलांनी भरलेलं असेल तर पाच-सहा तास ऊन आहे, मिरची लावा. एका बाजूच्या पानांच्या कडा तपकिरी कुरकुरीत झाल्या असतील तर त्या बाजूला पश्चिम आहे, शेडनेट बांधा. खालची पानं पिवळी पडून गळत असतील आणि माती सतत ओली दिसत असेल तर पाणी जास्त होतंय, किंवा भोक बुजलंय.

सुरतच्या भाच्याने मागे असाच फोटो पाठवला होता. झाड उंच, वाकलेलं, फूल एकच. त्याने लिहिलं होतं, मामा, गॅलरी दक्षिणेची आहे, ऊन येतं. फोटो जुलैचा होता. त्याला एवढंच कळवलं की आता काही आणू नको, ऊन गणपतीनंतर येईल, मिरचीची रोपं सप्टेंबरच्या शेवटी घे, आणि तोवर सदाफुली तेवढी पाच बोटं ठेवून छाटून टाक.